चौथ्या ईसीटीपासून फिट तोकडी पडते: डायल फिरवण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने येते. पहिल्या दोन-तीन ईसीटींना फिट छान येते, आणि चौथ्या-पाचव्या वेळी पाय दहा-बारा सेकंद हलून थांबतो. निवासी डॉक्टर मात्रा वाढवतो, पुढच्या वेळी आणखी वाढवतो. दोन आठवड्यांत यंत्र कमाल मात्रेच्या जवळ पोचतं, रुग्ण तासभर गोंधळलेला राहतो आणि फिट होती तेवढीच राहते.

कोर्स पुढे सरकतो तसा फिटचा थ्रेशोल्ड वर जातो हे खरं आहे, म्हणूनच पहिला हात डायलकडे जातो. पण थ्रेशोल्ड हळूहळू चढतो. आज 38 सेकंद, मग 34, मग 29, असा उतार दिसला तर तो कोर्सचा परिणाम धरायला हरकत नाही. शुक्रवारी 29 आणि सोमवारी थेट 11 झाले, तर त्या दोन दिवसांत काहीतरी बदललेलं असतं, आणि ते बहुधा यंत्राच्या बाहेर असतं. भुलेच्या ट्रॉलीवर, वॉर्डाच्या औषधतक्त्यात किंवा रुग्णाच्या कपाळावर.

एक उदाहरण घेऊ. तासगाव तालुक्यातला 52 वर्षांचा द्राक्षबागायतदार, वजन 64 किलो, भ्रमासह तीव्र नैराश्य, खाणंपिणं जवळजवळ बंद. बायटेम्पोरल ईसीटी, सोमवार-बुधवार-शुक्रवार. यंत्र स्थिर विद्युतप्रवाहाचं: 0.8 अँपिअर, स्पंदाची रुंदी 1.5 मिलिसेकंद, सेकंदाला 125 स्पंद. गुणाकार केला तर 0.8 × 1.5 × 125 = 150, म्हणजे सेकंदाला 150 मिलिकूलम. अशा यंत्रात 60 मिलिकूलम 0.4 सेकंदात जातात, 180 मिलिकूलमला 1.2 सेकंद लागतात. हा गुणाकार आपल्या यंत्राच्या आकड्यांनी एकदा कागदावर करून ठेवावा. स्क्रीनवरचा आकडा आणि बटण दाबून धरलेला वेळ जुळत नसेल तर ते लगेच कळतं.

पहिल्या सिटिंगला 60 मिलिकूलमला काहीच झालं नाही, 120 ला फिट आली: पाय 38 सेकंद, ईईजी 52 सेकंद. थ्रेशोल्ड 120 धरला. बायटेम्पोरलला थ्रेशोल्डच्या दीड ते दोन पट देतात, म्हणून पुढच्या दोन सिटिंगना 180 दिले. दुसऱ्यात पाय 34 आणि ईईजी 46, तिसऱ्यात 29 आणि 40. चौथ्या सिटिंगला त्याच 180 वर पाय 11, ईईजी 17. मिनिटभर थांबून 240 दिले तर 13 आणि 19. पाचव्या वेळी सुरुवातच 300 ने केली: 12 आणि 18. रुग्णाला स्वतःचं गाव सांगायला पाऊण तास लागला. सहाव्या वेळी 400 द्यावेत का, असा प्रश्न आला.

फिट खरंच तोकडी होती का

आधी हे ठरवायला हवं, कारण दिसणं आणि असणं यात फरक पडतो. पायाला रक्तदाबाचा पट्टा बांधतात तो स्कोलिन त्या पावलात पोचू नये म्हणून. पट्टा घोट्याच्या वर हवा, स्कोलिन देण्याआधी फुगलेला हवा, आणि दाब सिस्टोलिकच्या बराच वर हवा. सिस्टोलिक 140 असेल तर पट्टा 200 च्या आसपास ठेवतात. दोन चुका वारंवार होतात. पट्टा स्कोलिननंतर फुगवतात, किंवा जुन्या पट्ट्याची हवा मिनिटभरात निम्मी उतरते. दोन्हींत औषध पावलात शिरतं, पाऊल हलत नाही, आणि चांगली फिट ‘आलीच नाही’ म्हणून नोंदली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: बांधलेल्या पावलातही स्कोलिनची थरथर दिसली तर पट्टा गळका आहे. त्या दिवशी पायाच्या सेकंदांवर भरवसा ठेवू नये, फक्त ईईजी धरावा.

ईईजी वाचताना सेकंदांआधी आकार बघावा. नीट फिटमध्ये सुरुवातीला वेगवान बारीक टोकं येतात, मग उंच, दाट पॉलीस्पाइक, मग सेकंदाला साधारण तीनच्या गतीने टोक आणि मंद लाट, आणि शेवटी एखाद्याने दिवा मालवावा तशी रेघ सपाट होते. ही शेवटची सपाट रेघ, म्हणजे पोस्टइक्टल सप्रेशन, फार बोलकी असते. तिच्या जोडीला नाडी बघावी. करंट जाताना नाडी क्षणभर मंदावते, आणि फिट मेंदूभर पसरली की ती 120-130 च्या वर उसळते.

सर्वसाधारण हिशेबात पाय 15-20 सेकंद आणि ईईजी 25 सेकंदांच्या पुढे गेला की फिट पुरेशी धरतात. पण हे आकडे कुंपणासारखे वापरू नयेत. थ्रेशोल्डच्या अगदी काठावरची फिट 60 सेकंद चालूनही कुचकामी असू शकते: लाटा बुटक्या, शेवट धूसर, नाडी 95. उलट 70 वर्षांच्या आजीची 19 सेकंदांची फिट उंच लाटांची, खटकन सपाट होणारी असेल आणि आजी जेवू लागली असेल, तर मात्रेला हात लावायचं कारण नाही. मात्रा थ्रेशोल्डच्या फार वर गेली तरी फिट आखूड होते, हे इथे विसरलं जातं. आकार चांगला असताना सेकंदांच्या मागे लागून मात्रा वाढवली तर सेकंद आणखी कमी होतात आणि विसराळूपणा मात्र वाढतो.

आपल्या रुग्णात पट्टा ठीक होता. ईईजीच्या लाटा बुटक्या, शेवट हळूहळू विरलेला, नाडी 88 वरून जेमतेम 104. म्हणजे फिट खरोखरच अपुरी होती, आणि 180, 240, 300 या तिन्ही मात्रांवर ती जवळजवळ सारखीच होती. मात्रा वाढवूनही उत्तर तेच येत असेल तर अडथळा मात्रेचा नसावा.

भुलेचा कागद

पहिल्या तीन सिटिंगना थायोपेंटोन 175 मिग्रॅ, म्हणजे किलोमागे साधारण 2.7 मिग्रॅ. चौथ्यापासून प्रोपोफॉल 110 मिग्रॅ, किलोमागे 1.7, आणि सुई झोंबू नये म्हणून त्याच सिरिंजमध्ये 40 मिग्रॅ लिग्नोकेन. थायोपेंटोनचा साठा संपला होता, एवढंच कारण.

प्रोपोफॉल ईसीटीला चालतं, पण ते फिट आखडतं आणि मात्रेनुसार आखडतं. किलोमागे 0.75 ते 1 मिग्रॅच्या आसपास बहुतेकांची फिट टिकते. दीडच्या पुढे गेलं की ते झटके थांबवणाऱ्या औषधासारखंच वागू लागतं. पोटाच्या शस्त्रक्रियेची सवय असलेल्या हाताला 2 मिग्रॅ स्वाभाविक वाटतात, पण इथे झोप हवी ती पाचेक मिनिटांची. लिग्नोकेनचं तर उघडच आहे, तेही झटके दडपतं. झोंबण्यावर उपाय म्हणून हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेऐवजी कोपराच्या खळगीतली मोठी शीर घ्यावी, लिग्नोकेन गाळावं. हेच मिडाझोलामबाबत. रुग्ण घाबरलाय म्हणून आधी दिलेलं 1 मिग्रॅसुद्धा सिटिंग वाया घालवू शकतं. ते द्यायचंच तर फिट संपल्यावर, उठताना फार तडफड झाली तर.

मात्रेइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, आणि ती कागदावर सहसा लिहिलेलीच नसते: प्रोपोफॉल दिल्यापासून करंट देईपर्यंत किती सेकंद गेले. या रुग्णात प्रोपोफॉल संपताच स्कोलिन आणि 65 व्या सेकंदाला करंट. तेव्हा मेंदूतलं प्रोपोफॉल जवळजवळ शिखरावर असतं. तेच करंट सव्वादोन ते अडीच मिनिटांनी दिलं तर त्याच मात्रेवर चांगली फिट मिळते. सिस्टरांपैकी एकीने घड्याळाकडे बघून दर 30 सेकंदांनी मोठ्याने वेळ सांगायची पद्धत पाडली तर हा प्रश्न जवळजवळ सुटतो.

पण इथे एक धोका आहे. झोप उतरली आणि स्नायू अजून लुळे, असा काळ रुग्णाच्या वाट्याला येता कामा नये. म्हणून क्रम असा ठेवतात: पट्टा फुगवला, प्रोपोफॉल, पापणीला बोट लावून प्रतिक्रिया गेल्याची खात्री, आणि मग तीसेक सेकंदांनी स्कोलिन किलोमागे 0.5 ते 1 मिग्रॅ. थरथर चेहऱ्यापासून खाली उतरत पिंडरीत थांबायला मिनिट-दीड मिनिट लागतं, तोवर वेळ आपोआप भरतो. या वेळात बांधलेलं पाऊल मुद्दाम हलताना दिसलं तर थांबा आणि भूलतज्ज्ञांना सांगा, कारण जागेपणाची खूण देऊ शकणारा तेवढाच एक अवयव मोकळा असतो. मात्रा आणि वेळ भूलतज्ज्ञच ठरवतात. निवासी डॉक्टरांचं काम आधीच्या सिटिंगचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवणं. ‘फिट येत नाहीये’ एवढंच म्हटलं तर त्यांना काही कळत नाही. ‘शुक्रवारी थायोपेंटोनवर 29, सोमवारी प्रोपोफॉल 110 वर 11’ म्हटलं की पुढचं ते बघतात.

याच मिनिटात फुकटात मिळणारी मदत म्हणजे बॅग. शंभर टक्के ऑक्सिजनवर मिनिटाला वीसेक जोमदार श्वास दिले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि फिट लांबते. बरेचदा रुग्ण झोपला की बॅग धरणारा हात सैल पडतो, सगळे यंत्राकडे बघत राहतात. कार्बन डायऑक्साइड चढला की फिट आखूड होते, ऑक्सिजन उतरला तरी होते.

स्कोलिनवरून आपल्या भागापुरती एक गोष्ट. तासगाव, जत, खानापूरकडून येणाऱ्या रुग्णांत ‘फवारणीचं औषध घेतलं होतं का, कधी’ हा प्रश्न ईसीटीच्या तपासणीत असलाच पाहिजे. ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेनंतर रक्तातलं कोलिनेस्टरेज पूर्वपदावर यायला काही आठवडे लागतात. तोवर स्कोलिन फुटत नाही आणि पाच मिनिटांचा लुळेपणा तासांवर जातो. नैराश्याच्या ज्या रुग्णाला ईसीटी लागते त्यालाच हा इतिहास असण्याची शक्यता जास्त, हे ध्यानात घ्या. कोलिनेस्टरेजची पातळी कमी असेल तर भूलतज्ज्ञ दुसरं शिथिलक निवडतात. आणि स्कोलिन किंवा भुलेचं औषध संपलंय म्हणून ‘आज तसंच देऊ’ हा पर्याय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 95 ने भूल आणि स्नायुशिथिलकाशिवाय ईसीटीला मनाई केली आहे.

रात्रीचा औषधतक्ता

तिसरं सिटिंग शुक्रवारी झालं. शनिवारी रात्री रुग्ण झोपत नाही म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम 1 मिग्रॅ लिहिलं आणि ते पुढे चालू राहिलं. सोमवारी थायोपेंटोन संपलं. शुक्रवार ते सोमवारच्या दरम्यान दोन बदल झाले, आणि राउंडला दोन्हींचा उल्लेख आला नाही. सकाळचा तक्ता आणि रात्रीचा तक्ता वेगळ्या पानांवर असतो, तिथेच हे निसटतं.

क्लोनाझेपामचं अर्धायुष्य साधारण 30-40 तासांचं, त्यामुळे आदल्या रात्रीची एक गोळी गाळून भागत नाही. मंगळवारी रात्री शेवटची दिली तरी शुक्रवारी सकाळी तिचा तिसरा-चौथा हिस्सा रक्तात असतो. चार दिवसांपूर्वी सुरू झालेली गोळी सरळ बंद करता येते. वर्षानुवर्षं घेणाऱ्याची तशी बंद करू नये, कारण माघारीच्या झटक्यांचा धोका असतो. तिथे हळूहळू उतरवावं, किंवा भुलेच्या वेळी फ्लुमाझेनिल 0.2 ते 0.5 मिग्रॅ द्यायचा विचार वरिष्ठांबरोबर करावा. कॅटाटोनियात लोराझेपाम थांबवता येत नाही, तिथेही हाच मार्ग कामी येतो. व्हॅलप्रोएट आणि कार्बामाझेपिनही याच रांगेत, फक्त ती अपस्मारासाठी चालू असतील तर परस्पर बंद करायची नाहीत.

नातेवाइकांनाही विचारावं, आणि ‘झोपेची गोळी’ असं न म्हणता गोळ्यांची पिशवीच मागावी. गावच्या डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलामची पट्टी उशीखाली असते. ‘दादा, घरच्या गोळ्या पण चालू आहेत का?’ म्हटलं की बहुतेक वेळा वहिनीच काढून दाखवतात.

इलेक्ट्रोडखालचं तेल

बायटेम्पोरलची जागा: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या पुढच्या कुर्चेपर्यंत रेघ कल्पायची, तिच्या मध्यावरून 2.5 ते 3 सेंटिमीटर वर इलेक्ट्रोडचं केंद्र. ही जागा बहुतेकदा केसांच्या काठावर येते, आणि तिथे सकाळी चापून लावलेलं खोबरेल असतं. ‘डोकं शांत राहील’ म्हणून घरचे ईसीटीच्या दिवशीच जास्त लावतात. त्यावर कुंकू, अंगारा. तेल वीज अडवतं, त्यामुळे संपर्क तुटक होतो.

साफ करायची पद्धत साधी: आदल्या संध्याकाळी साबणाने डोकं धुवायचं, सकाळी तेल नाही. टेबलावर जागा गॉजने खसखसून पुसायची. स्पिरिट वापरलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं, कारण शेजारी ऑक्सिजन वाहतोय आणि ठिणगी पडू शकते. मग जेल, इलेक्ट्रोडच्या कडेपर्यंतच. जेल कपाळभर पसरलं तर दोन इलेक्ट्रोडमध्ये ओला पूल तयार होतो आणि वीज कवटीत न शिरता कातडीवरूनच निघून जाते. उकाड्यात घामानेही हेच होतं.

यंत्रावरचा स्थिर इम्पीडन्स हे दोन्ही दोष सांगतो. 3000 ओहमच्या वर गेला तर संपर्क वाईट: तेल, सुकलेलं जेल, सैल हात, तुटकी वायर. 100 च्या खाली आला तर पूल झालाय. या दोन टोकांना करंट द्यायचंच नाही. मधल्या पट्ट्यातही मागच्या वेळचा आकडा बघावा. आधी 900 आणि आज 2600 असेल तर यंत्र परवानगी देईल, पण जागा पुन्हा पुसलेली बरी. आपल्या रुग्णाचा आकडा सगळ्या सिटिंगना 800 ते 1100 होता, म्हणजे दोष इथे नव्हता.

उजव्या बाजूच्या युनिलॅटरलमध्ये जागेची चूक जास्त महाग पडते. वरचा इलेक्ट्रोड टाळूच्या मध्यबिंदूच्या उजवीकडे लगेच लागून हवा. केस दाट असले की तो नकळत पुढे घसरतो, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर कमी होतं आणि कातडीवरून निसटणारा वाटा वाढतो. शिवाय तिथे मात्रा थ्रेशोल्डच्या सहा पटीच्या आसपास लागते. बायटेम्पोरलवरून युनिलॅटरलला आलात तर जुना थ्रेशोल्ड नेऊ नका, पुन्हा टायट्रेशन करा.

मग मात्रा

बुधवारी दुपारी हे सगळं जुळवल्यावर 400 चा बेत रद्द झाला. क्लोनाझेपाम बंद करून सकाळचं ओलान्झेपिन रात्री हलवलं, झोपेचा प्रश्न त्यानेच बराचसा सुटला. शुक्रवारी प्रोपोफॉल 60 मिग्रॅ, लिग्नोकेन नाही, तीस सेकंदांनी स्कोलिन 40 मिग्रॅ, बॅग न थांबवता, करंट 140 व्या सेकंदाला. मात्रा 300 न ठेवता 240 वर उतरवली. 300 हे दडपणाऱ्या औषधांशी झुंजण्यासाठी चढवलेले होते, ती गेल्यावर तेवढ्यांची गरज नव्हती. 180 वर पुन्हा जायचं टाळलं कारण पाच सिटिंगनंतर थ्रेशोल्ड थोडा चढलेला असणार आणि क्लोनाझेपामचा अवशेष होताच. पाय 26, ईईजी 39, लाटा उंच, शेवट खटकन सपाट, नाडी 86 वरून 138. वीस मिनिटांत रुग्णाने गाव आणि वार सांगितला. सोमवारी त्याच मात्रेवर 29 आणि 41.

हे सगळं दुरुस्त करूनही फिट अपुरी राहिली तरच मात्रा वाढवावी, एका वेळी साधारण निम्म्याने.

त्याच सिटिंगमध्ये पुन्हा करंट द्यायची वेळ आली तर दोन प्रसंग वेगळे धरावेत. काहीच फिट आली नाही तर वीस-तीस सेकंद थांबावं, कधी कधी ती उशिरा सुरू होते. तेवढ्यात इम्पीडन्स पुन्हा बघावा. फिट आली पण अपुरी, तर मेंदूला सावरायला मिनिटभर तरी द्यावं, तोवर बॅग चालू. दोन्ही वेळा भूलतज्ज्ञांना आधी विचारावं: झोप आणि स्कोलिन पुरेल का, आणि ॲट्रोपिन दिलंय का. फिट न आणणाऱ्या करंटनंतर नाडी मंदावते आणि फिटने येणारी उसळी नसते, स्कोलिनची दुसरी मात्रा नाडी आणखी खाली ओढते. बीटा ब्लॉकर चालू असलेल्या रुग्णात मॉनिटरवर लांबलचक सरळ रेघ दिसू शकते.

आणि उलट टोकाची तयारी त्याच ट्रेमध्ये असावी. प्रोपोफॉल कमी केलं, क्लोनाझेपाम काढलं, बॅग जोरात चालवली, की एखाद्याची फिट लांबतेही. ईईजीवर दोन मिनिटं ओलांडली तर वाट बघत बसू नये: भुलेच्या औषधाची निम्मी मात्रा किंवा मिडाझोलाम देऊन ती थांबवावी. पाय थांबला तरी ईईजी चालू असू शकतो, म्हणून रेघ सपाट दिसेपर्यंत कागद फाडायचा नाही.